ब्रॉयलर कोंबडीला हार्मोनचं इंजेक्शन देतात का? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे-नंदुरबारच्या शेडांवर मी बरीच वर्षं फिरलो आहे. पिल्लं उतरवण्यापासून गाडी भरेपर्यंतचं काम जवळून पाहिलं आहे. तरीही अमळनेरच्या बाजारात असो की शिरपूरच्या लग्नाच्या पंगतीत, एक प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, ह्या कोंबड्यास्ले इंजेक्शन देतस ना?" विचारणाऱ्याच्या घरात लहान मुलं असतात, म्हणून तो विचारतो. त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

सरळ सांगा, हार्मोन देतात की नाही?

नाही. वजन वाढवण्यासाठी ब्रॉयलरला हार्मोन टोचत नाहीत आणि खाद्यातूनही देत नाहीत. चाळीस दिवसांत दोन किलोच्या वर जाणारी कोंबडी मुळात तिच्या वंशामुळे वाढते. त्या वंशाला साजेसं खाद्य, ऊब आणि हवा मिळाली की ती वाढ वजनात उतरते.

पण या उद्योगातलं सगळंच स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही. काळजी करण्यासारखी एक गोष्ट खरोखर आहे. ती हार्मोनची नाही, अँटिबायोटिकची आहे. तिच्याकडे मी पुढे येतो.

मी स्वतः शेडमध्ये इंजेक्शन देताना पाहिलं आहे. ते काय होतं?

तुम्ही पाहिलं ते खरं असेल. ती लस होती.

पिल्लू हॅचरीत अंड्यातून बाहेर पडलं की बऱ्याच ठिकाणी मानेच्या मागच्या कातडीखाली मरेक्स रोगाची लस टोचतात. शेडवर आल्यानंतर पाचव्या ते सातव्या दिवशी रानीखेतची लस देतात. ती बहुतेक वेळा डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकून दिली जाते. काही ठिकाणी त्याच वेळी मृत लसही मानेत टोचतात. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की चार माणसं बसली आहेत आणि एकेक पिल्लू धरून सुई मारत आहेत. बाराव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरोची लस पिण्याच्या पाण्यातून जाते. रानीखेतचा दुसरा डोसही बहुधा पाण्यातूनच देतात. म्हणजे ब्रॉयलरच्या आयुष्यात सुई आलीच तर एकदा-दोनदा, आणि तीही पहिल्या आठवड्यातच.

नवापूरकडच्या लोकांनी याहून जास्त सुया पाहिलेल्या असतात. नवापूर म्हटलं की अजून 2006 चा बर्ड फ्लू आठवतो, पण तिथल्या शेडांत मुख्यतः अंड्यांच्या कोंबड्या असतात. अंड्यांची कोंबडी वर्ष-दीड वर्ष जगवायची असते. म्हणून ती अंड्यावर येण्याआधी, सोळा-अठरा आठवड्यांच्या वयात, तिला मृत लसी टोचाव्या लागतात. ते पाहिलेला माणूस गावी येऊन सांगतो की कोंबड्यांना इंजेक्शनं देतात. त्याचं सांगणं खोटं नसतं. फक्त ती कोंबडी ब्रॉयलर नव्हती आणि सिरिंजमध्ये हार्मोन नव्हतं.

पण कुणी चोरून हार्मोन दिलंच, तर कोंबडी वाढेल ना?

बहुतेकांच्या मनात खरी शंका ही असते. म्हणून इथे जरा थांबू.

वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे, इन्सुलिनसारखं. मधुमेहाचा माणूस इन्सुलिन गोळीसारखं गिळत नाही, टोचून घेतो. कारण पोटात गेलेलं प्रथिन पचून जातं. कोंबडीच्या खाद्यात वाढीचं हार्मोन मिसळलं तर तिच्या पोटात तेच होईल. सोयापेंडीतलं प्रथिन पचतं तसं तेही पचेल. उरला टोचण्याचा मार्ग. पण टोचलेलं हार्मोन रक्तात फार वेळ टिकत नाही, काही मिनिटांतच कमी होऊ लागतं. कोंबडीच्या शरीरात ते दिवसभर थोड्या थोड्या वेळाने सुटत असतं. बाहेरून तेच साधायचं तर प्रत्येक कोंबडीला रोज अनेकदा सुई मारावी लागेल.

आता हिशेब करा. साधी शेड पाच हजार पक्ष्यांची. एक पक्षी पकडायचा, टोचायचा आणि सोडायचा, याला बारा सेकंद धरा. पाच हजार पक्ष्यांना साठ हजार सेकंद लागतील, म्हणजे एका माणसाला एका फेरीसाठी सोळा तास चाळीस मिनिटं. साक्री तालुक्यातली अशी शेड नवरा-बायको मिळून चालवतात. शिवाय वाढत्या ब्रॉयलरला रोज पकडलं तर तो बिथरतो, कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरतो, आणि त्या दिवशी खाद्य कमी खातो. म्हणजे वजन वाढायच्या ऐवजी घटतं.

आणि एवढं करूनही हाती काय लागतं? शास्त्रज्ञांनी हे करून पाहिलं आहे. कोवळ्या ब्रॉयलरला बाहेरून वाढीचं हार्मोन दिल्याने उपयोगी पडेल अशी वजनवाढ मिळाली नाही. पक्षी आधीच आपल्या वाढीच्या टोकावर असतो.

मग ही अफवा आली कुठून?

तिला एक खरं मूळ आहे. अमेरिकेत 1940 च्या दशकाच्या शेवटी डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम स्त्रीहार्मोन कोंबड्यांना द्यायला सुरुवात झाली. नर पक्ष्याच्या मानेच्या कातडीखाली त्याची छोटी गोळी बसवत. त्यामुळे नर खच्ची केल्यासारखा मऊ आणि चरबीदार होई. पुढे त्याचे धोके कळले आणि 1959 मध्ये तिथे कोंबड्यांसाठी त्याचा वापर बंद झाला. त्यानंतर अमेरिकेने कोंबडीपालनात कोणतंच हार्मोन चालू दिलेलं नाही. गायी-बैलांना मात्र तिथे आजही कानाच्या कातडीखाली हार्मोनच्या गोळ्या बसवतात. गोमांसाबद्दलच्या त्या बातम्या इकडे येईपर्यंत कोंबडीच्या होऊन जातात.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. म्हैस पान्हा चोरते तेव्हा काही जण तिला ऑक्सिटोसिन टोचतात. ते हार्मोनच आहे आणि त्याचा गैरवापर खरोखर होतो. गावातल्या माणसाने तो गोठ्यात डोळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे कोंबडीच्या शेडमध्येही तसंच होत असणार असं त्याला वाटतं. पण ऑक्सिटोसिनने पान्हा सुटतो, मांस वाढत नाही.

इंजेक्शन नाही, मग चाळीस दिवसांत एवढी कोंबडी होते कशी?

निवडीने. गेली सत्तर-ऐंशी वर्षं हे काम चालू आहे.

आपला शेतकरी बियाण्यासाठी सगळ्यात भरदार कणीस बाजूला काढून ठेवतो. ब्रॉयलरच्या पैदाशीत हेच होतं, फक्त हजारो पक्ष्यांवर, वजनकाटा आणि वही घेऊन. ठरलेल्या वयाला प्रत्येक पक्षी तोलतात, त्याने किती खाल्लं ते पाहतात, पाय आणि छाती तपासतात. त्यातले मोजकेच पुढच्या पिढीचे आईबाप होतात. कोंबडीची पिढी वर्षाच्या आत बदलते, त्यामुळे माणसाच्या एका आयुष्यात साठ-सत्तर पिढ्यांची निवड सहज होते.

या कामाला खरा वेग अमेरिकेतल्या एका स्पर्धेने दिला. "उद्याची कोंबडी" अशा अर्थाचं तिचं नाव होतं. 1948 च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा संकर पहिला आला. रुंद छातीची कॉर्निश जात आणि न्यू हॅम्पशायर जात यांचा तो संकर होता. आजच्या ब्रॉयलरची रुंद छाती कॉर्निशकडूनच आलेली आहे.

निवडीने किती फरक पडतो याचा पुरावा कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 2014 मध्ये मांडला. त्यांच्याकडे 1957 आणि 1978 सालचे वंश निवड न करता तसेच जपून ठेवलेले होते. ते आणि 2005 चा ब्रॉयलर, असे तीन वंश त्यांनी एकसारखं खाद्य देऊन वाढवले. छप्पन्न दिवसांनी 1957 च्या वंशाचं सरासरी वजन 905 ग्रॅम भरलं, 1978 च्या वंशाचं 1808 ग्रॅम आणि 2005 च्या ब्रॉयलरचं 4202 ग्रॅम. खाद्य तेच आणि दिवसही तेच, वेगळा होता तो फक्त वंश. 48 वर्षांत 3297 ग्रॅमची वाढ, म्हणजे वर्षाला सरासरी 69 ग्रॅम. एका रात्रीत काही झालेलं नाही.

आपल्याकडे वेनकॉब, रॉस ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. ती या निवडलेल्या वंशांची नावं आहेत. शेडवर येणारं पिल्लू म्हणजे अनेक शुद्ध ओळींच्या संकराची शेवटची पायरी. त्या पिल्लांना मोठं करून त्यांचीच अंडी उबवली, तर पुढची पिढी तशी एकसारखी निघत नाही. संकरित कपाशीच्या सरकीतून पुन्हा बियाणं धरता येत नाही, तसंच हे आहे.

गावरान कोंबडीला हेच खाद्य दिलं तर तीही फुगेल का?

नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. साक्री तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या सासऱ्यांचा ठाम समज होता की सगळी करामत पोत्यात आहे. म्हणून त्या शेतकऱ्याने घरामागे जाळीचे दोन कप्पे केले. एकात ब्रॉयलरची पन्नास पिल्लं सोडली, दुसऱ्यात गावरान पन्नास. (मोठ्या शेडमध्ये गावरान आणि ब्रॉयलर कधीच एकत्र ठेवू नयेत, रोग पसरतो. घरामागे केलं ते बरं केलं.) दोन्हींना एकाच पोत्यातलं खाद्य, एकाच टाकीचं पाणी आणि सारखीच लस.

सहा आठवड्यांनी तोललं. ब्रॉयलर सरासरी सव्वादोन किलोच्या आसपास भरला. गावरान साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. खाद्याचा हिशेब त्याहून बोलका होता. ब्रॉयलरने पक्ष्यामागे पावणेचार किलो खाल्लं होतं, गावरानने सव्वा किलो. गावरान पिल्लू पोट भरलं की खाद्य सोडून खेळायला, उकरायला, भांडायला जायचं. ब्रॉयलर खायचा, पाणी प्यायचा, बसायचा आणि पुन्हा खायचा. शिवाय एक किलो वजनासाठी त्याला दीड-पावणेदोन किलो खाद्य पुरलं, गावरानला पावणेतीन किलोच्या आसपास लागलं.

निवडीने बदललेली मुख्य गोष्ट ही आहे: ब्रॉयलरची भूक. त्याला थांब म्हणणारी आतली जाणीव फार क्षीण झालेली असते. ब्रॉयलरच्या आईबापांकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. त्यांना रोज मोजून, कमी खाद्य द्यावं लागतं. पोटभर दिलं तर त्यांच्या अंगावर चरबी चढते, पाय जातात आणि अंडी घटतात. वाढ इंजेक्शनातून येत असती तर त्यांना उपाशी ठेवायची वेळ आलीच नसती.

सासऱ्यांनी काटा दोनदा तपासला. मग म्हणाले, "हाई तं रंगतना गुण शे." म्हणजे रक्ताचाच गुण.

त्या पोत्यात नेमकं असतं काय?

निम्म्याहून जास्त मका. तो बऱ्याचदा आपल्याच जळगाव-धुळ्याच्या शेतातला असतो. त्यानंतर सोयापेंड, साधारण तिसरा हिस्सा. मग थोडं तेल, हाडांसाठी डीसीपी आणि चुनखडी, मीठ, जीवनसत्त्वं, खनिजं, आणि लायसिन व मेथिओनिन ही दोन अमिनो आम्लं. मका आणि सोया मिळूनही ही दोन कमी पडतात, म्हणून ती वरून घालावी लागतात. याखेरीज कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण, होऊ नये म्हणून एक औषध असतं. आपल्याकडे सरकी पेंड मुबलक आहे, पण ती गुरांना जाते. तिच्यातलं गॉसिपॉल कोंबडीला बाधतं.

खाद्य तीन टप्प्यांत बदलतं: प्री-स्टार्टर, स्टार्टर आणि फिनिशर. पहिल्यात प्रथिन बावीस-तेवीस टक्के असतं, शेवटच्यात अठरा-एकोणीसवर येतं. पहिला आठवडा सगळ्यात मोलाचा. चाळीस-बेचाळीस ग्रॅमचं पिल्लू सातव्या दिवशी किमान चौपट भरलं पाहिजे. नाही भरलं तर ब्रुडिंगची ऊब कमी पडली, किंवा पिल्लांना पाणी उशिरा सापडलं, असं समजावं. ती तूट पुढे भरून येत नाही.

एका बॅचचा हिशेब मांडून पाहू. पाच हजार पिल्लं टाकली, चार टक्के मरतुक झाली, 4800 पक्षी विकले गेले आणि सरासरी वजन 2.1 किलो भरलं. एकूण जिवंत वजन 10,080 किलो. किलोमागे 1.6 किलो खाद्य धरलं तर 16,128 किलो, म्हणजे पन्नास किलोची सुमारे 323 पोती. ज्याच्या दारात चाळीस दिवसांत एवढी पोती रिकामी झाली, त्याला वजन कुठून आलं हे विचारावं लागत नाही.

पोत्यावर किंवा औषधाच्या बाटलीवर "ग्रोथ प्रमोटर" लिहिलेलं असतं. ते हार्मोनच ना?

ते हार्मोन नव्हे. पण काळजीची गोष्ट म्हणालो होतो ती इथेच आहे.

शेडबाहेर पडलेल्या रिकाम्या बाटल्यांत लिव्हर टॉनिक, बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियम असतं. ती वेगळी. "ग्रोथ प्रमोटर" या नावाखाली मात्र बरीच वर्षं अँटिबायोटिकं विकली गेली. आजारी पक्ष्याच्या उपचारासाठी नव्हे, तर निरोगी पक्ष्याच्या खाद्यात रोज अगदी थोड्या प्रमाणात. त्याने आतड्यातले जंतू बदलतात आणि खाल्लेलं थोडं जास्त अंगी लागतं. फायदा काही टक्क्यांचा, पण किंमत समाजाने मोजायची. थोड्या थोड्या औषधाला सरावलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. मग तेच जंतू माणसाला झाले की दवाखान्यात औषध लागू पडत नाही.

कोलिस्टिन हे त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण. माणसावर बाकीची औषधं संपली की डॉक्टर शेवटी ते काढतात, आणि आपण ते कोंबडीच्या खाद्यात घालत होतो. 2019 मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याचा वापर बंद केला. एन्रोफ्लॉक्सॅसिन अजून सर्रास वापरलं जातं. पक्ष्याच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सॅसिन होतो, म्हणजे आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यातली गोळी. दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 2014 मध्ये तिकडच्या परिसरातले सत्तर नमुने तपासले. त्यातल्या चाळीस टक्क्यांत अँटिबायोटिकचा अंश सापडला. हार्मोनच्या अफवेवर आपण जेवढं बोलतो, त्याच्या निम्मंही यावर बोलत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

औषध द्यावंच लागलं तर शेवटच्या डोसानंतर ठरलेले दिवस पक्षी विकायचा नसतो. चूक होते ती इथे. तिसाव्या दिवशी खोकला लागतो, औषध सुरू होतं, पस्तिसाव्या दिवशी भाव चढतो आणि गाडी दारात येते. शेडच्या रजिस्टरमध्ये औषधाची तारीख आणि गाडीची तारीख शेजारी ठेवून पाहिली की कळतं.

चिकन पाहून अँटिबायोटिक ओळखता येतं का? शिजवल्यावर जातं का?

डोळ्यांनी, वासाने, चवीने ओळखता येत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. शिजवल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश मात्र सगळा नाहीसा होईलच असं नाही.

हाड काळं निघतं, मांस मऊ लागतं, ते कशामुळे?

वयामुळे. चाळीस दिवसांच्या पक्ष्याचं हाड कच्चं, सच्छिद्र असतं. आतली मज्जा शिजताना किंवा गोठवताना बाहेर झिरपते आणि काळी दिसते. गावरान चार-पाच महिने हिंडलेली असते, म्हणून तिचं मांस चिवट आणि चवदार. काळ्या मसाल्याच्या रश्शाला ती का लागते हे खान्देशी माणसाला सांगायला नको. छातीच्या मांसावर पांढऱ्या रेघा दिसल्या तर तो वेगाने वाढलेल्या स्नायूचा दोष आहे. ते विष नाही, पण मांस हलक्या प्रतीचं.

मुली लवकर वयात येतात, ते ब्रॉयलरमुळेच ना?

ज्या कोंबडीला हार्मोन दिलेलंच नाही, तिच्यातून ते मुलीत येणार कुठून? वयात येण्याचं वय अंगावरच्या चरबीशी आणि पोषणाशी जोडलेलं आहे. आठ वर्षांच्या आतच लक्षणं दिसली तर मात्र ताटातलं चिकन बंद करून वाट पाहू नका, मुलीला बालरोगतज्ज्ञाकडे न्या.

एवढ्या वेगाने वाढण्याचा कोंबडीला त्रास होत नाही का?

होतो, आणि तो खान्देशात सगळ्यात जास्त दिसतो. छाती आणि मांड्या वेगाने भरतात, हृदय, फुप्फुसं आणि पाय त्या वेगाने वाढत नाहीत. काही पक्ष्यांच्या पोटात पाणी होतं, काही लंगडतात, काही चांगले धष्टपुष्ट असताना पंख फडफडवून जागीच कोसळतात.

त्यात आपला मे महिना. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकत अंगातली उष्णता काढते. खाद्य पचवताना आणखी उष्णता तयार होते, म्हणून ती खाणंच सोडते. दुपारी अकरा ते पाच फीडर वर उचलावे लागतात. छताला चुना मारायचा, बाजूला ओली गोणपाटं लावायची, फॉगर चालवायचे, पाण्यात इलेक्ट्रोलाइट घालायचं. वीज दोन तास गेली तर विक्रीला आलेले पक्षी डोळ्यांसमोर जातात. त्या दिवशी शेतकऱ्याच्या घरी चूल पेटत नाही.

माझ्या जुन्या वहीत एकाच शेडच्या दोन बॅचेस शेजारी लिहिलेल्या आहेत. हॅचरी तीच, खाद्याची कंपनी तीच, माणसंही तीच. जानेवारीत चाळिसाव्या दिवशी सरासरी वजन 2 किलो 250 ग्रॅम. मे महिन्यात चाळिसाव्याच दिवशी 1 किलो 740. मधल्या 510 ग्रॅमचा फरक उन्हाने केला होता. सुईने वजन वाढत असतं तर तो शेतकरी मे महिन्यात सुई मारून मोकळा झाला असता.

मग दुकानात काय विचारावं?

"इंजेक्शनवाली आहे का?" हे विचारून उपयोग नाही, दुकानदार नाहीच म्हणेल आणि ते खरंही असेल. पक्षी कुठल्या शेडचा आहे हे विचारा. शेड जवळची असेल तर एकदा जाऊन शेतकऱ्याला भेटा आणि शेवटचं औषध कोणत्या दिवशी बंद केलं ते विचारा. ज्याची वही नीट लिहिलेली असते तो ती लगेच उघडून दाखवतो.